आजारी वडिलांची खोली कादंबरीत कशी लिहावी : आधी काम, मग अश्रू

गोव्यातल्या लिहित्या मंडळींची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत शेवटच्या आजारातल्या आई-वडिलांचं एक तरी प्रकरण असतंच, आणि ते जवळपास नेहमी एकाच जागी फसतं. खोलीत मंद दिवा असतो, बाहेर पाऊस असतो, वडील पलंगावर असतात आणि मुलगी त्यांचा हात हातात घेऊन बसलेली असते. मग दीड पान आठवणी, अर्धं पान अश्रू.

ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना हे वाचताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही बाई बसलीय कशी? त्या खोलीत बसायला फार कमी मिळतं. चादर ओली झालेली असते, गोळीची वेळ होत आलेली असते, न्हाणीत कपडे भिजत पडलेले असतात. लेखकाने काम बाजूला सारलं की दृश्यात फक्त भावना उरते, आणि तिला धरायला काही नसल्यामुळे ती फुगते. म्हणून खालचा सगळा क्रम कामापासून सुरू होतो.

उदाहरण म्हणून एकच घर घेऊ. गोव्यातल्या साखळी गावचं जुनं घर. नाना, वय ७८, मराठी प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. सुलभा, वय ४९, म्हापशाला दिलेली, आता दोन महिने माहेरी. भाऊ मोहन वास्कोला नोकरीत. गोवा एवढासा, तरी तो येतो रविवारीच, सफरचंदं घेऊन. कथाकाळ आषाढापासून चवथीपर्यंत.

१. तयारी : आजार नेमका ठरवा

‘वडील कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते’ एवढ्यावर दृश्य लिहू नका. कुठला कॅन्सर, कुठे पसरलाय, त्यामुळे शरीराचं कुठलं काम बंद पडलंय, हे आधी ठरवा. कारण घरातली रोजची कामं त्यातून निघतात.

नानांच्या बाबतीत हाडं दुखतात. निजून राहिलं तर बेताचं दुखतं, हलवलं की फार. मणका पोखरलेला असल्यामुळे त्यांना कुशीवर करताना अंग पिळून चालत नाही. खांदा, कंबर आणि पाय ओंडक्यासारखे एकदम फिरवावे लागतात. हे एकट्या माणसाचं काम नाही. ही एक वैद्यकीय गोष्ट कळली की कादंबरीचा अर्धा ताण तुमच्या हातात येतो, कारण सुलभाला दिवसातून कित्येकदा दुसऱ्या माणसाची गरज पडणार आणि तो दुसरा माणूस वास्कोला आहे.

लघवीसाठी नळी आहे. तिची पिशवी पोटाच्या पातळीच्या खालीच टांगलेली हवी, नाहीतर लघवी उलटी फिरते. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. त्या दर चार तासांनी द्यायच्या : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीची मात्रा बहुधा दुप्पट देतात, म्हणजे दोनला उठवावं लागत नाही. गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जाणवू लागते. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत रेचक असतंच. त्यामुळे ‘आज झाली का?’ हा त्या घरातला सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असतो. मी वाचलेल्या हस्तलिखितांत तो एकदाही आलेला नाही.

*सावधान :* मॉर्फिन म्हणजे ‘शेवटचं औषध’, ते दिलं की माणूस संपला, असं पात्राला वाटू शकतं, नातेवाइकांना वाटतंच. पण निवेदकाने तसं लिहू नये. योग्य मात्रेत ते महिनोन्‌महिने चालतं आणि त्यावर माणूस पेपर वाचतो, भांडतो, पेज जेवतो.

२. दिवसाची वही लिहा, कादंबरीत वापरायची नसली तरी

खऱ्या घरात अशी वही असतेच. बहुतेकदा मुलांची जुनी शाळेची. त्यात वेळ, गोळी, लघवी किती, पोट साफ झालं का, काय खाल्लं, कुठल्या कुशीवर. तुमच्या पात्रासाठी अशा तीन दिवसांची वही भरा : एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटच्या आठवड्यातला.

ती भरताना तुमच्या लक्षात येईल की दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, आणि गोळी दर चार तासांनी आहे. दोन घड्याळं. सुलभाला सलग झोप कधीच मिळत नाही. मिळते ती तुकड्यांत. आता ‘ती थकून गेली होती’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही. तिने दोनच्या नोंदीपुढे चुकून कालची तारीख घातली, एवढं पुरतं.

मधल्या दिवसात नाना पेजेचे चार घास खातात आणि मिठातल्या तोराचा तुकडा चघळून बाहेर टाकतात. शेवटच्या आठवड्यात पेजेची नुसती निवळ, तीही दोन चमचे. इथे मोहन म्हणतो, “ती त्यांना उपाशी ठेवते.” शरीर बंद होत आलं की भूक आपोआप जाते, जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे सुलभाला ठाऊक आहे आणि मोहनला नाही. ही भांडणाची खरी जागा. तिच्यासाठी वेगळा खलनायक शोधावा लागत नाही.

*तपासा :* वहीतली एखादी नोंद अशी आहे का, जी वाचताना तुम्हालाच किळस आली? नसेल तर वही अजून खोटी आहे.

३. एक काम निवडा आणि ते हातांना शिकवा

सगळी शुश्रूषा दाखवायला जाऊ नका. एक काम निवडा, ते बारकाईने शिका, आणि कादंबरीभर तेच परत परत येऊ द्या. नानांसाठी मी चादर बदलणं निवडेन. ते असं चालतं :

१. नानांना आधी सांगायचं की आता कुशीवर करतोय. न सांगता हात लावला की अंग आखडतं आणि दुखणं वाढतं.
२. लघवीची पिशवी ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आधी न्यायची. हे विसरलं की नळी ताणली जाते. नवशिक्यांची पहिली चूक हीच.
३. डाव्या कुशीवर करायचं तर त्यांना आधी खालच्या चादरीसकट उजवीकडे सरकवायचं, नाहीतर वळल्यावर ते पलंगाच्या काठावर येतात.
४. एकाने खांदा आणि पाठ धरायची, दुसऱ्याने कंबर आणि गुडघा. एकाने आकडे मोजायचे. तीनवर दोघांनी एकदम.
५. जुनी चादर लांबीच्या बाजूने गुंडाळत पाठीपर्यंत आणायची. नव्या चादरीची अर्धी गुंडाळी तिला चिकटून ठेवायची. मग नानांना त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, जुनी ओढून काढायची, नवी पसरायची. सुरकुती राहता कामा नये.
६. त्या वेळात पाठीची खालची बाजू, कंबरेची हाडं, टाचा पाहायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं. बोट काढल्यावरही तो फिका पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झालीय.
७. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पिंढऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

कुणाची शुश्रूषा केली नसेल तर घरातल्या धडधाकट माणसाला पलंगावर निजवून हे करून बघा. एकदा त्याच्या जागी तुम्ही निजा. पाठ उघडी पडल्यावर पंख्याचा वारा कसा लागतो, ते निजल्याशिवाय कळत नाही, आणि ते एक वाक्य तुमच्या पानाला कामी येतं.

लाजेचा मुद्दा इथेच येतो. मुलगी बापाचं अंग पुसते, ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पण तो संकोच लिहिताना बहुतेक जण कायमचा ताणून धरतात. पहिल्या दिवशी नाना पंचा घट्ट धरून ठेवतात आणि सुलभा पंच्याखालून, न बघता पुसते. त्यामुळे नीट पुसलं जात नाही आणि दोन दिवसांनी जांघेत पुरळ येतं. मग शेजारच्या वहिनी येऊन पंचा सरळ बाजूला करतात. तिसऱ्या आठवड्यात कुणाला काही वाटेनासं झालेलं असतं. सुलभा अंग पुसता पुसता दूधवाल्याच्या हिशेबाबद्दल बोलत असते. लाजेचा हा प्रवास लिहा. तो पुरळामुळे वळला, हे महत्त्वाचं.

४. मसुदा : फसलेला आणि दुरुस्त केलेला

आता फसलेला मसुदा. हा मी बनवलेला आहे, पण असे पुष्कळ वाचलेत :

> नानांच्या कृश देहाकडे बघून सुलभाच्या काळजात चर्र झालं. ज्या हातांनी तिला बाराखडी गिरवायला शिकवली, तेच हात आज निष्प्राण पडले होते. तिने ते हात कपाळाला लावले. दाराशी उभ्या मोहनच्या डोळ्यांतूनही आसवं ओघळली. बहीण-भावाने एकमेकांना मिठी मारली.

यात चूक अश्रूंची नाही. कुणी काही करत नाही, म्हणून काही बिघडूही शकत नाही, ही चूक आहे. दुरुस्त करताना मी भावना कमी करत नाही. काम आणते, त्याला वेळेची अडचण घालते, आणि एक लहानशी चूक होऊ देते.

> सोमवारी मोहनला साडेसहाला निघायचं होतं. सहाची गोळी सुलभाने सहालाच दिली.
>
> “पावणेसातला करूया,” ती म्हणाली.
>
> “पावणेसातला मी वाटेत असायला हवा.”
>
> तिने घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा. वहिनी आठाशिवाय येत नसत, आणि चादर पहाटेपासून ओली होती. तिने पिशवी डावीकडे घेतली. मोहनने खांदा धरला.
>
> “तीनवर. एक, दोन—”
>
> मोहनने दोनवर ओढलं.
>
> नानांच्या तोंडून आवाज आला. त्यात शब्द नव्हता.
>
> “जालें, नाना, जालें,” मोहन म्हणाला. झालं नव्हतं. नाना अर्धेच वळले होते, आणि खालची सुरळी सरकवेपर्यंत त्यांना तसंच धरून ठेवायचं होतं. मोहनने तोंड भिंतीकडे केलं.
>
> “भिंतीकडे नको बघू. त्यांची मान वाकडी होतेय, ती धर.”
>
> त्याने मान धरली. साडेसहाला तो पडवीत बुटाच्या नाड्या बांधत होता तेव्हा नानांनी डोळे न उघडता विचारलं, “ताणें कितें खालें?”
>
> सुलभा ओली चादर घेऊन न्हाणीकडे गेली. मग परत आली आणि म्हणाली, “खालें.”

मोहन वाईट माणूस नाही. त्याला ड्यूटी गाठायची होती. गोळी लागू पडायच्या आधी वळवलं म्हणून दुखलं. वाचकाला हे कारण आधीच्या पानांतून कळलेलं असेल, तर सहा वाजून दहा हे तीन शब्दच त्याला अस्वस्थ करतात. म्हणून गोळीला वेळ लागतो ही माहिती इथे सांगू नका. चाळीस पानं आधी, एखाद्या निवांत दुपारी सांगून ठेवा.

*तपासा :* दृश्यातलं रडू कामाच्या कुठल्या पायरीवर येतं? पायरी दाखवता येत नसेल तर ते लेखकाचं रडू आहे.

पुनरावृत्तीबद्दल एक हिशेब. हे काम पहिल्यांदा येईल तेव्हा दीड पान, दुसऱ्यांदा चार-पाच ओळी, नंतर ‘कूस बदलून ती पडवीत आली’ एवढंच. शेवटी एकदा परत पूर्ण : मृत्यूनंतर, शेवटची आंघोळ घालताना. तेव्हा नानांना सांगावं लागत नाही, आणि सुलभा सवयीने सांगते. या दृश्याला विशेषण लावू नका.

५. संवादाची भाषा आधी ठरवा

ही अडचण आपल्याच मुलखातली. घरात मराठी वर्तमानपत्र येतं, पोथी मराठी, पत्रं मराठी, आणि बोलणं कोंकणी. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की दृश्य नाटकाच्या रंगमंचावर गेलंच. “मुली, मला पाणी दे” असं साखळीतला कुठला बाप म्हणतो?

माझा उपाय असा : निवेदन मराठीत, लांब बोलणं मराठीत, पण शरीराच्या गरजेचे छोटे शब्द घरचे. उदक. जाय. नाका. जालें. कुठल्याही मराठी वाचकाला ते संदर्भाने कळतात, अर्थ द्यायची गरज नाही. नाना शिक्षक असल्यामुळे उलटही होऊ शकतं. शेवटच्या दिवसांत भ्रम होतो तेव्हा ते शाळेतली शुद्ध मराठी बोलू लागतात, वर्गाला शुद्धलेखन घालतात. भ्रमातली बडबड वाचकाला हसवूही शकते, आणि हसू द्या.

एका मसुद्यात असा शिक्षक ‘पूर्णविराम’ म्हणून प्राण सोडत होता. मी ते ओळीसकट काढायला सांगितलं. लेखक आठवडाभर रुसले होते.

६. मनातले हिशेब आणि शेवटचे दिवस

सुलभाला संत करू नका. नानांनाही. ते सुलभाने केलेलं खात नाहीत आणि रविवारी मोहनच्या हातचं खातात. तिला राग येतो, आणि राग आला की ती चादर जरा जोरात ओढते.

मनातले सगळ्यात खरे विचार हिशेबाचे असतात. चवथ पंधरा दिवसांवर आली आहे. नाना त्याआधी गेले तर सुतक, घराण्याचा गणपती अडतो, मुंबईहून येणाऱ्या चुलत्यांना कळवायला हवं. माटोळीचं सामान सांगायचं की नाही? सुलभा हे मोजते, मग मोजल्याची लाज वाटून उठते आणि पिशवी रिकामी करते. हा परिच्छेद लिहायला मन धजत नाही, पण गोव्यातल्या हिंदू घरातला वाचक तो वाचून थांबेल, कारण त्यानेही मोजलेलं असतं.

पावसाळ्याचा उपयोगही असाच करा. आभाळ रडतंय वगैरे नको. चादरी सुकत नाहीत, हे घ्या. भाणीखालच्या चुलीजवळ दोरी बांधून सुकवलेल्या चादरीला धुराचा वास येतो आणि नाना त्यावरून कुरकुरतात. हवेच्या गादीचा पंप रात्रभर घुरघुरत असतो. वीज गेली की घुरघुर थांबते आणि त्या शांततेने सुलभा जागी होते, कारण गादी आता हळूहळू बसणार आणि अंधारात, वेळेआधीच कूस बदलावी लागणार.

शेवटचे दोन-तीन दिवस लिहिताना ही चिन्हं लक्षात ठेवा. माणूस बहुतेक वेळ झोपेत असतो. गिळता येत नाही, म्हणून गोळी बंद होते आणि औषध कातडीखाली सुईने द्यावं लागतं. लघवी कमी आणि गडद. पाय गार, गुडघ्यांवर निळसर-जांभळी नक्षी. घशात साचलेल्या स्रावामुळे घरघर होते. ती ऐकणाऱ्यांना असह्य होते, पण निजलेल्याला बहुधा त्याची जाणीव नसते. कुशीवर केलं की ती कमी होते. मग श्वास खोल होत जातो, उथळ होत जातो आणि थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद. परत सुरू होतो. सगळे मोजू लागतात. हे तासन्‌तास चालतं, आणि त्यात कुणीतरी चहा करायला जातं.

इथे शेजारची म्हातारी गंगाजळाची वाटी आणि तुळशीचं पान घेऊन येते. चमचाभर ओतलं तर नानांच्या घशात ते अडकेल. सुलभाने तिला नाही कसं म्हणायचं? ती वाटी घेते, कापसाचा बोळा बुडवते आणि ओठांवरून फिरवते, जसा ती दोन दिवस साध्या पाण्याचा फिरवते आहे. म्हातारीचं समाधान होतं. या प्रसंगाला संवाद फारसा लागत नाही.

*सावधान :* शेवटचा श्वास नेमका सगळ्यांसमोर घडवू नका. कितीतरी घरांत तो कुणी दोन मिनिटं बाहेर गेलेलं असताना सुटतो. तसं लिहिलंत तर नंतर त्यावर अपराधाचं भाषणही लावू नका.

मृत्यूनंतर प्रकरण तोडायची घाई होते, पण कामं संपलेली नसतात. डॉक्टरला बोलावून दाखला घ्यायचा, २१ दिवसांच्या आत नोंद करायची, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून जिथून आणल्या तिथे परत द्यायच्या. भाड्याने आणलेली गादीही परत करायची असते. दुकानाचा माणूस येतो आणि अनामत परत देण्याआधी गादीला भोक पडलंय का ते बघायला ती पडवीत पसरून पंप सुरू करतो. मोहन, सुलभा, वहिनी, मुंबईचे चुलते सगळे तिथेच उभे असतात. गादी भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यांना तिथे उभं राहू द्या, आणि कुणाला काही बोलायला लावू नका.